गुणांचे वारंवारता वितरण : वर्गसीमेवरील गुण कोणत्या वर्गात?

प्रास्ताविक

एखाद्या चाचणीत चाळीस विद्यार्थ्यांना मिळालेल्या गुणांची यादी समोर ठेवली, तर त्यातून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण शोधणे फारसे कठीण नसते. परंतु बहुसंख्य विद्यार्थी कोणत्या पातळीवर आहेत, उत्तीर्णतेच्या सीमेजवळ किती गर्दी आहे, हे नुसत्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी गुणांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गात किती विद्यार्थी येतात हे मोजावे लागते. या मोजणीला आपण 'वारंवारता वितरण' म्हणतो आणि तिच्या आधारे काढलेल्या चित्राला 'आयतालेख' म्हणतो. पूर्वी हे काम ताळ्याच्या खुणा करून होत असे. संगणकावरील एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क यांसारख्या तक्ता-प्रणालीत तेच काम FREQUENCY किंवा COUNTIFS या फंक्शनच्या साहाय्याने करता येते.

हाताने खुणा करताना ४० हा गुण ३०-४० या वर्गात घालायचा की ४०-५० या वर्गात, हे आपण स्वतः ठरवतो. संगणकावर मात्र ते वापरलेले फंक्शन ठरवते. त्याचा नियम आपल्या पाठ्यपुस्तकातील नियमाशी जुळतोच असे नाही. तो जुळला नाही, तर उत्तीर्ण विद्यार्थी अनुत्तीर्णांच्या वर्गात जाऊन बसतात आणि बेरीज तर बरोबर येते. हे कसे घडते, कसे ओळखावे आणि कसे टाळावे, याचा विचार प्रस्तुत घटकात एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

१. उदाहरणासाठी घेतलेली सामग्री

समजा, मराठी भाषेच्या १०० गुणांच्या चाचणीत ४० विद्यार्थ्यांना पुढीलप्रमाणे गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी किमान ४० गुण आवश्यक आहेत.

६२, ४०, ५५, ३८, ७१, ४७, ५०, ८३, २९, ५८,
४४, ६७, ४०, ५२, ७६, ३५, ६०, ४९, ९१, ५३,
३९, ६४, ५७, ४०, ७०, ४६, ६१, २२, ५४, ६८,
४५, ८०, ५१, ३३, ५९, ६६, ४२, ५०, ७३, १००

हे गुण याच क्रमाने A या रकान्यात, A2 पासून A41 पर्यंत, एकाखाली एक भरावेत. A1 मध्ये 'गुण' हे शीर्षक लिहावे.

आता वर्ग ठरवू. सर्वांत कमी गुण २२ आणि सर्वांत जास्त १०० आहेत. म्हणजे विस्तार ७८ आहे. दहा-दहा गुणांचे वर्ग घेतले तर २० पासून १०० पर्यंत आठ वर्ग होतात आणि चाळीस निरीक्षणांसाठी ते पुरेसे आहेत. वर्ग ठरवताना आणखी एक गोष्ट पाहावी. उत्तीर्णतेची सीमा, म्हणजे ४० हा अंक, एखाद्या वर्गाच्या आरंभी यावा. ३५-४५ असा वर्ग घेतला, तर त्यात उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण दोन्ही मिसळतात आणि ते पुढे कोणत्याही सूत्राने वेगळे करता येत नाहीत.

C2 ते C9 या सेलमध्ये प्रत्येक वर्गाची खालची मर्यादा, म्हणजे २०, ३०, ४० असे करीत ९० पर्यंतचे अंक लिहावेत. D2 ते D9 मध्ये वरची मर्यादा, म्हणजे ३० पासून १०० पर्यंतचे अंक लिहावेत. वर्गाचे नाव हाताने टंकित करू नये. E2 मध्ये पुढील सूत्र देऊन ते E9 पर्यंत खाली ओढावे.

```
=C2&"-"&D2
```

याचे कारण व्यावहारिक आहे. चाचणी २० गुणांची असेल आणि आपण सेलमध्ये 5-10 असे लिहिले, तर तक्ता-प्रणाली तो वर्ग न मानता दिनांक मानते आणि सेलमध्ये महिन्याचे नाव दिसू लागते. सूत्राने तयार केलेले नाव मजकूर म्हणूनच राहते.

२. असमावेशक पद्धती म्हणजे नेमके काय?

आपल्या वर्गांत ३०-४० नंतर ४०-५० येतो. ४० हा अंक दोन्हीकडे लिहिलेला दिसतो. अशा सलग वर्गांसाठी संख्याशास्त्रात असमावेशक पद्धती वापरतात. या पद्धतीत वर्गाची खालची मर्यादा त्या वर्गात धरतात, वरची मर्यादा धरत नाहीत. म्हणून ४० गुण ४०-५० या वर्गात मोजायचे आणि ५० गुण ५०-६० या वर्गात मोजायचे. शेवटच्या वर्गापुढे दुसरा वर्ग नसल्याने १०० हा गुण मात्र ९०-१०० या वर्गातच धरावा लागतो.

आपल्या सामग्रीत वर्गसीमेवर नेमके बसणारे गुण कमी नाहीत. ४० गुण तिघांना आहेत, ५० दोघांना आणि ६०, ७०, ८० व १०० प्रत्येकी एकाला आहेत. एकूण नऊ विद्यार्थी सीमेवर उभे आहेत. म्हणूनच सीमेचा नियम या ठिकाणी निर्णायक ठरतो.

३. FREQUENCY या फंक्शनचा नियम

FREQUENCY ला दोन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली म्हणजे गुणांची यादी आणि दुसरी म्हणजे वर्गांच्या वरच्या मर्यादांची यादी. खालच्या मर्यादा हे फंक्शन मागत नाही. F2 मध्ये पुढील सूत्र लिहू.

```
=FREQUENCY(A2:A41,D2:D9)
```

हे सूत्र एका सेलमध्ये एक उत्तर देत नाही. ते उत्तरांची संपूर्ण ओळ एकदम देते. एक्सेलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत F2 मध्ये सूत्र लिहून Enter दाबल्यावर उत्तरे आपोआप खाली पसरतात. खालच्या सेल रिकाम्या नसतील, तर #SPILL! हा संदेश दिसतो. त्या सेल मोकळ्या केल्या की उत्तरे येतात. एक्सेल २०१९ व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत आधी F2 ते F10 हा पट्टा निवडावा, मग सूत्र लिहावे आणि Ctrl + Shift + Enter या तीन कळा एकत्र दाबाव्यात. नुसते Enter दाबल्यास केवळ पहिल्या वर्गाचे उत्तर मिळते.

वर्ग आठ असताना पट्टा नऊ सेलचा का, असा प्रश्न येथे पडेल. शेवटच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे १०० पेक्षा, मोठे असलेले अंक FREQUENCY नवव्या सेलमध्ये मोजते. आपल्या उदाहरणात तेथे शून्य यायला हवे. तेथे शून्याऐवजी १ आला, तर कोठेतरी ६४ च्या जागी ६४० असे टंकित झाले आहे असे समजावे. म्हणून ही नववी सेल अनावश्यक मानून सोडू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. FREQUENCY प्रत्येक मर्यादेसाठी 'मागील मर्यादेपेक्षा मोठे आणि या मर्यादेइतके किंवा तिच्यापेक्षा लहान' असे अंक मोजते. म्हणजे ते वरची मर्यादा वर्गात धरते आणि खालची सोडते. हा असमावेशक पद्धतीच्या अगदी उलट नियम आहे. त्यामुळे वरील सूत्राने ४० गुण मिळवणारे तिन्ही विद्यार्थी ३०-४० या वर्गात गेले. दोन्ही मोजण्यांची तुलना पुढील सारणीत केली आहे.

| वर्ग | असमावेशक पद्धतीने | FREQUENCY, मर्यादा ३०, ४०, ५०… |
|---|---|---|
| २०-३० | २ | २ |
| ३०-४० | ४ | ७ |
| ४०-५० | ९ | ८ |
| ५०-६० | १० | ९ |
| ६०-७० | ७ | ७ |
| ७०-८० | ४ | ४ |
| ८०-९० | २ | १ |
| ९०-१०० | २ | २ |
| एकूण | ४० | ४० |

पहिल्या दोन वर्गांची बेरीज म्हणजे अनुत्तीर्णांची संख्या, असे वाचक गृहीत धरणार. असमावेशक पद्धतीने ती ६ येते, उजवीकडच्या रकान्यानुसार ९ येते. तीन विद्यार्थी उत्तीर्ण असूनही सारणीत अनुत्तीर्ण ठरले. एकूण बेरीज दोन्हीकडे ४० असल्याने बेरीज पडताळून ही चूक सापडत नाही.

६०-७० आणि ७०-८० या वर्गांत दोन्ही रकाने सारखे आहेत, याकडेही लक्ष द्यावे. तेथेही एक विद्यार्थी वर्गातून खाली गेला आहे, पण त्याच वेळी वरच्या वर्गातून एक जण खाली आला आहे. आकडे जुळले म्हणजे माणसे तीच आहेत, असे मानता येत नाही.

४. FREQUENCY वापरूनच दुरुस्ती

गुण पूर्णांकात असतील, तर दुरुस्ती सोपी आहे. फंक्शनचा नियम आपण बदलू शकत नाही, पण त्याला दिलेल्या मर्यादा बदलू शकतो. G2 ते G9 मध्ये २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९ आणि शेवटी १०० असे अंक लिहून H2 मध्ये पुढील सूत्र द्यावे.

```
=FREQUENCY(A2:A41,G2:G9)
```

आता '३९ इतके किंवा त्यापेक्षा कमी' गुण दुसऱ्या वर्गापर्यंत मोजले जातात आणि ४० तिसऱ्या वर्गात जातो. उत्तरे २, ४, ९, १०, ७, ४, २, २ अशी येतात आणि नवव्या सेलमध्ये ० येते.

या उपायाला एक मर्यादा आहे. अर्धे गुण देण्याची पद्धत असेल आणि एखाद्याला ३९.५ गुण असतील, तर ३९.५ हा अंक ३९ पेक्षा मोठा असल्याने तो विद्यार्थी ४०-५० या वर्गात मोजला जाईल. आधी उत्तीर्ण अनुत्तीर्णांत जात होते, आता अनुत्तीर्ण उत्तीर्णांत येईल. अर्ध्या गुणांसाठी २९.५, ३९.५ अशा मर्यादा देता येतात. परंतु तीन चाचण्यांची सरासरी घेतली असेल, तर ३९.६७ असेही अंक येतात आणि मर्यादा किती बारीक घ्यावी हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दुसरी एक बाबही ध्यानात ठेवावी. FREQUENCY ला खालची मर्यादा माहीत नसते. एखाद्याला १५ गुण असतील, तर तोही '२९ किंवा कमी' म्हणून पहिल्या वर्गात मोजला जाईल, जरी आपण त्या वर्गाचे नाव २०-३० असे लिहिले असले तरी.

५. COUNTIFS : नियम आपल्या हाती

COUNTIFS या फंक्शनमध्ये वर्गाच्या दोन्ही मर्यादा आणि त्यांचे नियम आपण स्वतः लिहितो. I2 मध्ये पुढील सूत्र देऊन ते I8 पर्यंत ओढावे.

```
=COUNTIFS($A$2:$A$41,">="&C2,$A$2:$A$41,"<"&D2)
```

या सूत्राचा अर्थ असा की, A2 ते A41 मधील जे गुण C2 इतके किंवा त्याहून अधिक आहेत आणि त्याच वेळी D2 पेक्षा कमी आहेत, तेवढेच मोजावेत. ही असमावेशक पद्धतीचीच व्याख्या झाली. गुण ३९.५ असोत की ३९.६७, ते ३०-४० मध्येच राहतात.

शेवटच्या वर्गासाठी I9 मध्ये वेगळे सूत्र लागते, कारण तेथे १०० हा अंक धरायचा आहे.

```
=COUNTIFS($A$2:$A$41,">="&C9,$A$2:$A$41,"<="&D9)
```

I8 मधील सूत्रच खाली ओढले, तर १०० गुण मिळवणारा विद्यार्थी कोणत्याच वर्गात येत नाही आणि बेरीज ३९ होते.

सूत्र लिहिताना दोन ठिकाणी चूक होण्याचा संभव असतो. पहिले ठिकाण अवतरणचिन्हांचे. चिन्ह अवतरणात ठेवावे, सेलचे नाव बाहेर ठेवावे आणि दोन्ही & ने जोडावेत. ">=C2" असे सर्वच अवतरणात लिहिले, तर C2 हा सेल न राहता दोन अक्षरांचा मजकूर होतो आणि उत्तर शून्य येते. दुसरे ठिकाण $ चिन्हाचे. ते गाळले, तर सूत्र खाली ओढताना A2:A41 चे A3:A42, A4:A43 असे सरकत जाते आणि यादीच्या आरंभीचे गुण मोजणीतून निसटतात. आपल्या सामग्रीत असे केल्यास ४०-५०, ५०-६०, ६०-७० आणि ७०-८० या चारही वर्गांत एक-एक विद्यार्थी कमी पडतो आणि बेरीज ३६ येते. बेरीज कमी आली की प्रथम $ चिन्ह आणि शेवटचा वर्ग तपासावा.

६. पडताळणी

वरील विवेचनावरून असे दिसते की, चुका दोन प्रकारच्या आहेत. काही चुकांत विद्यार्थी मोजणीतून गळतात आणि काहींत ते चुकीच्या वर्गात जातात. दोन्हींसाठी पडताळणी वेगवेगळी आहे.

गळती शोधण्यासाठी वारंवारतांची बेरीज नोंदींच्या संख्येशी ताडून पाहावी. मात्र नोंदी COUNT ने मोजू नयेत, COUNTA ने मोजाव्यात.

```
=SUM(I2:I9)
=COUNTA(A2:A41)
```

असे सांगण्यास कारण आहे. दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या यादीत काही गुण अंकांसारखे दिसतात, पण प्रत्यक्षात मजकूर म्हणून साठवलेले असतात. FREQUENCY त्यांना वगळते, वरील COUNTIFS वगळते आणि COUNT ही वगळते. त्यामुळे COUNT शी ताडल्यास सर्व काही जुळते आणि विद्यार्थी गायब झाल्याचे कळतच नाही. COUNTA मात्र भरलेली प्रत्येक सेल मोजते, म्हणून तेथे तफावत उघड होते. 'गैरहजर' असे लिहिलेल्या नोंदीही या तफावतीत येतात. तेव्हा तफावत गैरहजरांच्या संख्येइतकीच आहे ना, हे पाहावे. मजकूर म्हणून साठवलेले अंक, वेगळी मांडणी दिलेली नसल्यास, सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात, तर खरे अंक उजव्या कडेला असतात.

चुकीचा वर्ग शोधण्यासाठी महत्त्वाची सीमा स्वतंत्रपणे मोजावी.

```
=COUNTIF(A2:A41,">=40")
```

आपल्या उदाहरणात याचे उत्तर ३४ येते. COUNTIFS च्या रकान्यात ४०-५० पासून पुढच्या वर्गांची बेरीज, म्हणजे ९ + १० + ७ + ४ + २ + २, ही ३४ च आहे. पहिल्या FREQUENCY च्या रकान्यात मात्र तीच बेरीज ३१ येते. एकूण बेरजेने जे सांगितले नव्हते, ते या एका सूत्राने सांगितले.

७. सारणीपासून आयतालेखाकडे

E2 ते E9 हा पट्टा निवडावा आणि Ctrl ही कळ दाबून ठेवून I2 ते I9 हा पट्टाही निवडावा. Insert या विभागातून Clustered Column हा आलेख घ्यावा. सुरुवातीला स्तंभांमध्ये मोकळी जागा दिसेल. आयतालेखात वर्ग सलग असल्याने आयत एकमेकांना लागून असावे लागतात. त्यासाठी कोणत्याही स्तंभावर उजवी कळ दाबून Format Data Series उघडावे आणि Gap Width ० टक्के करावी. आयत वेगळे दिसावेत म्हणून त्यांना कडा द्याव्यात. आडव्या अक्षावर 'गुण' आणि उभ्या अक्षावर 'विद्यार्थ्यांची संख्या' असे लिहावे.

अशा आलेखात सर्व स्तंभांची रुंदी सारखीच राहते. म्हणून ही रीत समान वर्गांतरांसाठीच योग्य आहे. ०-४० असा एकच मोठा वर्ग घेऊन पुढे दहा-दहाचे वर्ग घेतले, तर चाळीस गुणांचा वर्गही दहा गुणांच्या वर्गाइतकाच रुंद दिसेल आणि चित्र दिशाभूल करील.

एक्सेल २०१६ पासून Histogram नावाचा तयार आलेखही उपलब्ध आहे. तो सारणी न करताच गुणांवरून थेट आयत काढतो. त्याचे वर्ग (40, 50] अशा खुणेने दर्शवलेले असतात. गोल कंसाचा अर्थ ती मर्यादा वर्गात नाही आणि चौकोनी कंसाचा अर्थ ती आहे. म्हणजे येथेही नियम FREQUENCY चाच आहे आणि ४० गुण खालच्या वर्गात जातात. असमावेशक पद्धती हवी असेल, तर COUNTIFS ची सारणी करून तिच्यावरून आलेख काढणे सुरक्षित ठरते.

सीमेचा नियम केवळ आकड्यांत नव्हे, तर आलेखाच्या आकारातही फरक करतो. COUNTIFS वरून काढलेल्या आयतालेखात ३०-४० चा आयत ४ इतका आणि त्याला लागून असलेला ४०-५० चा आयत ९ इतका उंच दिसतो. उत्तीर्णतेच्या सीमेवर आलेख एकदम चढतो. हे पाहून अभ्यासक विचारू शकतो की, नेमके ४० गुण तिघांना कसे मिळाले? ते कृपागुणांमुळे असतील किंवा केवळ योगायोगानेही असतील. आलेख त्याचे उत्तर देत नाही, पण प्रश्न समोर ठेवतो. पहिल्या FREQUENCY वरून काढलेल्या आलेखात हेच दोन आयत ७ आणि ८ इतके, म्हणजे जवळजवळ समान उंचीचे येतात. तेथे चढ दिसत नाही आणि प्रश्नही सुचत नाही.

सारांश

असमावेशक पद्धतीत वर्गाची खालची मर्यादा धरतात, तर FREQUENCY वरची मर्यादा धरते. गुण पूर्णांकात असल्यास २९, ३९, ४९ अशा मर्यादा देऊन FREQUENCY वापरता येते. अपूर्णांकी गुण किंवा सरासरी असल्यास COUNTIFS वापरावे आणि शेवटच्या वर्गात "<=" लिहावे. एकूण बेरीज COUNTA शी ताडल्यास गळती कळते. चुकीच्या वर्गात गेलेले विद्यार्थी मात्र सीमेवरील स्वतंत्र मोजणीनेच सापडतात. आयतालेखाखाली 'वरची मर्यादा वर्गात धरलेली नाही. अपवाद शेवटचा वर्ग' अशी एक ओळ लिहावी, म्हणजे वाचकाला तर्क करावा लागत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वरील सामग्रीत मर्यादा ३०, ४०, ५०… अशा देऊन FREQUENCY वापरले असता ८०-९० या वर्गाची वारंवारता २ ऐवजी १ का येते?

२. COUNTIFS ची बेरीज ३८, COUNT चे उत्तर ३८ आणि COUNTA चे उत्तर ४० आले. यादीत 'गैरहजर' अशी एकच नोंद आहे. काय तपासावे?

उत्तरे

१. ८० हा गुण FREQUENCY च्या नियमानुसार ७०-८० या वर्गात मोजला गेला. ८०-९० मध्ये केवळ ८३ हा गुण उरला.

२. तफावत दोनची आहे आणि गैरहजर एकच आहे. म्हणून एक नोंद मजकूर म्हणून साठवलेला अंक असण्याची शक्यता आहे. डाव्या कडेला चिकटलेला अंक शोधून तो पुन्हा टंकित करावा.